इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरते तेव्हा : एका दुपारचे प्रकरण

पार्श्वभूमी

६२ वर्षांचे एक गृहस्थ. टाइप २ मधुमेहाला १६ वर्षे झालेली, त्यातली शेवटची ५ वर्षे इन्सुलिनवर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे आणि घटनांचा क्रम मात्र प्रकरण समजायला लागतो तितका ठेवला आहे.

ते ३०/७० प्रकारचे मिश्र इन्सुलिन पेनने घेत. यातला ३० टक्के भाग लवकर काम करणारा आणि ७० टक्के भाग मंद, लांबवर चालणारा. सकाळी २४ युनिट, रात्रीच्या जेवणाआधी १६ युनिट. सोबत मेटफॉर्मिनची गोळी. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या इन्सुलिन सुरू झाल्यावर बंद केल्या होत्या. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

घरात ग्लुकोमीटर होता. रोज उठल्यावर आणि आठवड्यातून दोनदा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी ते तपासणी करत. जेवणाआधी दुपारी कधीच नाही. उपाशीपोटीचे आकडे ११० ते १३० च्या आसपास (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे सगळे आकडे याच मापात), म्हणून सगळे ठीक चालले आहे असे घरच्यांना वाटत होते.

घटनेच्या ४ दिवस आधी त्यांनी एक छोटा बदल केला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना रोज टोचून टोचून तिथे मऊ, रबरासारख्या गाठी झाल्या होत्या. तिथे सुई टोचली की दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जायचा. या गाठी चांगल्या नाहीत असे ऐकल्यावर त्यांनी स्वतःहून जागा बदलली आणि पोटाच्या वरच्या, कधी न टोचलेल्या भागात इन्सुलिन घ्यायला सुरुवात केली. निर्णय बरोबरच होता. डोस मात्र तोच राहिला आणि डॉक्टरांना कळवायचे कुणाला सुचले नाही.

त्यानंतरच्या ४ दिवसांत दोनदा साडेअकरा-बाराच्या सुमारास त्यांना कडकडून भूक लागली, हात किंचित थरथरले. दोन्ही वेळा काहीतरी खाल्ले आणि बरे वाटले. मीटर काढला नाही.

नेमके काय घडले

त्या दिवशी उपाशीपोटी साखर ११८ होती. पावणेआठला २४ युनिट, सव्वाआठला नाश्ता. साडेदहाच्या सुमारास पुस्तकांचे कपाट हलवायचे काम निघाले: पुस्तके उतरवणे, कपाट सरकवणे, सुटलेल्या फळ्या पुन्हा बसवणे. जेवणाची नेहमीची वेळ पाऊण. “एवढी फळी बसवतो आणि येतो,” म्हणून ते थांबले.

सव्वाच्या सुमारास पत्नीच्या लक्षात आले की ते चिडचिड करताहेत. कपाळ आणि मान घामाने ओली होती, पण काम अंगमेहनतीचे असल्यामुळे तिला त्यात काही वावगे वाटले नाही. दहा मिनिटांनी ती पुन्हा आली तेव्हा ते खाली बसून होते, काहीच करत नव्हते, तरी घाम थांबलेला नव्हता. मानेला हात लावला तर कातडी गार. हातात स्क्रू धरलेला आणि तो फळीच्या भोकात नेताना प्रत्येक वेळी बाजूला जात होता. ते तोच स्क्रू त्याच भोकापाशी पुन्हापुन्हा नेत होते. हाक मारली तर “हो” म्हणाले, पण मान वळली नाही.

मेहनतीचा घाम माणूस बसला की ओसरायला लागतो आणि अंग गरम असते. साखर उतरल्याचा घाम बसल्यावरही येतच राहतो, अंग गार आणि चिकट लागते. थरथर, घाम, धडधड, भूक ही शरीराने दिलेली हाक असते. साखर खाली जाताच अॅड्रिनॅलिन सुटते आणि मज्जासंस्था जागी होते, त्याचा तो परिणाम. गोंधळ, एकच कृती पुन्हापुन्हा करणे, अडखळते बोलणे, विनाकारण हट्ट हा प्रकार वेगळा. त्याचा अर्थ मेंदूलाच ग्लुकोज कमी पडू लागले आहे. साधारणपणे पहिला गट आधी येतो आणि सावध व्हायला वेळ मिळतो. इथे दोन्ही जवळजवळ एकदम आले. आदल्या ४ दिवसांतल्या दोन “भुकां”चा यात हात असणार, कारण साखर नुकतीच एकदा उतरून गेली असेल तर पुढच्या वेळी शरीराची हाक उशिरा आणि क्षीण येते.

मुलगी घरीच होती. एक वाजून पस्तीस मिनिटांनी तिने मीटर लावला: ४४.

७० च्या खाली गेले की उपचार सुरू करायचा, ५४ च्या खाली ती गंभीर पातळी धरायची. आणि माणूस स्वतः साखर घेण्याच्या स्थितीत नसेल, दुसऱ्याची मदत लागत असेल, तर आकडा काहीही असो, ती तीव्र घटना समजतात. या गृहस्थांना आता मदत लागणार होती.

पहिला निर्णय : काय द्यायचे

घरात पाच मार्ग दिसत होते. जेवण तयार होते, त्यामुळे ताटावर बसवणे हा पहिला. दुसरा, हाताशी असलेली क्रीमची बिस्किटे. तिसरा, पाण्यात विरघळवलेली साखर. चौथा, डॉक्टरांना फोन करून विचारणे. पाचवा, रुग्णवाहिका बोलावणे. साखर चढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचे इंजेक्शन घरात नव्हते.

पत्नीने बिस्किटे दिली. समोर होती आणि त्यांना आवडायची. दोन खाल्ली, तिसरे हातातच राहिले. पावणेदोनच्या पुढे, एक वाजून पन्नास मिनिटांनी तपासले तर ४७.

बिस्किटे गोड असतात हे खरे, पण त्यांतला मोठा भाग पीठ आणि स्निग्ध पदार्थांचा. स्निग्ध पदार्थ जठर रिकामे व्हायचा वेग कमी करतात आणि साखर आतड्यापर्यंत उशिरा पोहोचते. चॉकलेट आणि आइस्क्रीमचेही तेच. जेवणाचेही तेच; पोटभर जेवून साखर वाढेल यात शंका नाही, पण पाहिजे त्या पंधरा मिनिटांत वाढेलच असे नाही, आणि गोंधळलेल्या माणसाला घास चावायला लावण्यात ठसक्याचा धोका वेगळाच. शिवाय दोन बिस्किटांतून मिळालेली साखर १५ ग्रॅमच्या पुष्कळ खाली होती. म्हणजे पदार्थ मंद होता आणि मात्राही अपुरी होती.

यावेळी लागतात १५ ते २० ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, म्हणून ४ सपाट चमचे अर्ध्या ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवून दिले की १६ ग्रॅम होतात. ग्लुकोजच्या गोळ्या असतील तर बहुतेक गोळ्या प्रत्येकी ४ ग्रॅमच्या असतात (पाकिटावर पाहून घ्यावे), त्या ४ चावून खायच्या. साखर घातलेला फळांचा रस किंवा साधे, ‘डाएट’ नसलेले, गोड शीतपेय सुमारे १५० मिलिलिटर. डाएट पेयात साखरच नसते, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. घाईत बाटली उचलताना ही चूक सर्रास होते.

एक अपवाद इथेच सांगायला हवा. जेवणानंतरची साखर आवरण्यासाठी अकार्बोज किंवा वोग्लिबोजची गोळी चालू असेल, तर घरातली साखर पुरेशा वेगाने कामाला येत नाही, कारण ही औषधे साखरेचे आतड्यातले विघटनच रोखतात. अशा माणसाला ग्लुकोजच द्यावे लागते. या गृहस्थांना ती गोळी नव्हती.

आधी मीटर लावायचा की आधी साखर द्यायची, हा प्रश्नही तेवढ्यात येऊन गेला. मीटर हाताशी असेल तर अर्ध्या मिनिटाचे काम आहे, करावे. तो शोधावा लागणार असेल किंवा स्ट्रिप संपल्या असतील तर न थांबता साखर द्यावी. साखर उतरलेली नसताना ४ चमचे साखर गेली तर काही तास आकडा वर राहील, एवढेच. उतरलेली असताना दिली नाही तर पुढे झटका किंवा बेशुद्धी आहे.

दुसरा निर्णय : नको म्हणणाऱ्याला द्यायचे कसे

साखरेचे पाणी तयार झाले तोवर त्यांचा गोंधळ वाढला होता. पत्नी म्हणाली, “अहो, तुमची शुगर कमी झालीय, हे पिऊन घ्या बघू.” त्यांनी ग्लास बाजूला ढकलला. थोडे पाणी त्यांच्या बोटांवर सांडले. “मला काही झालेलं नाही. आधी हे बसू दे.”

हा हट्ट हे लक्षण असते, स्वभाव नव्हे. घरच्यांना ते माहीत नसेल तर इथेच वादाला तोंड फुटते आणि पाच-दहा मिनिटे जातात. मुलीने वाद घातला नाही. “बाबा, एवढं संपवा, मग आपण दोघं मिळून स्क्रू बसवू,” असे म्हणून तिने ग्लास त्यांच्या हातात न देता स्वतः धरला.

देण्याआधी तिने तीन गोष्टी पाहिल्या. ते ताठ बसू शकतात का. हाकेला शब्दात उत्तर देतात का. आणि साध्या पाण्याचा एक छोटा घोट न ठसकता गिळतात का. तिन्ही जमले, म्हणून लहान लहान घोटांनी, प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करत, सुमारे ४ मिनिटांत ग्लास संपवला.

यातले एक जरी जमले नसते तर तोंडावाटे काहीही देणे बंद करायला हवे होते. झापड आलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरेचे पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तेव्हा माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही न घालता रुग्णवाहिका बोलवायची, आणि घरात ग्लुकॅगॉन असेल तर ते द्यायचे. प्रौढांसाठी १ मिलिग्रॅम मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत. नाकातून द्यायचा प्रकार असेल तर ३ मिलिग्रॅम. ते यकृतात साठवलेले ग्लुकोज बाहेर काढते, परिणामाला १० ते १५ मिनिटे लागतात. नंतर उलटी होण्याची शक्यता बरीच असते, कुशीवर वळवण्याचे एक कारण तेही आहे. बराच वेळ उपाशी असलेल्या किंवा भरपूर मद्य घेतलेल्या माणसात यकृताचा साठाच रिकामा असल्याने त्याचा भरवसा धरता येत नाही.

तिसरा निर्णय : मीटरवर विश्वास ठेवायचा का

दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मीटर म्हणाला २१२.

या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण हा. पत्नीने सुस्कारा सोडला. ४७ वरून २१२ म्हणजे संकट टळले, आता उलट जास्तच झाली, असे वाटणे साहजिक होते. मुलीला आकडा आणि माणूस जुळेना. घाम तसाच होता, तारीख विचारली तर उत्तर भलतेच येत होते. दुसरे म्हणजे हिशेब: १५ ग्रॅम साखरेने प्रौढ माणसाचा आकडा अंदाजे ४० ते ६० ने चढतो, आणि इन्सुलिन जोरात चालू असेल तर त्याहूनही कमी. पंधरा मिनिटांत १६५ ची उडी बसत नव्हती.

कारण बोटावर होते. ग्लास ढकलताना सांडलेले साखरेचे पाणी त्याच बोटांवर वाळले होते. स्ट्रिपला रक्ताचा अगदी छोटा थेंब लागतो. त्यात कातडीवरच्या साखरेचा अंशभर भाग मिसळला तरी आकडा शेकड्याने फुगतो. स्पिरिटचा बोळा फिरवून हा चिकटपणा नीट जात नाही. साबणपाण्याने हात धुवून, पूर्ण कोरडे करून, दुसऱ्या हाताच्या बोटावर टोचले. आकडा आला ६३.

६३ म्हणजे चढती दिशा, पण अजून ७० च्या खालीच. आणखी ४ चमचे साखर, तशीच विरघळवून. आता त्यांनी ग्लास स्वतः धरला. अडीचला थोडे कमी असताना, हात धुवून, ८९. घाम थांबला होता. “एवढं काय झालं सगळ्यांना?” असे त्यांनी विचारले, मधला अर्धा तास त्यांना नीटसा आठवत नव्हता.

२१२ वर विश्वास ठेवला असता तर दुसरा ग्लास गेला नसता, आणि कदाचित “साखर वाढलीय” म्हणून जेवणही लांबले असते. हात धुवायला पाणी नसेल अशा जागी पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा थेंब घेणे बरे. पण बोटाला साखर लागल्याचे दिसत असेल तर धुण्याला पर्याय नाही.

दंडावर सेन्सर लावणाऱ्यांची अडचण याच्या नेमकी उलटी असते. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती काही मिनिटे मागे चालते. साखर घेतल्यानंतर रक्तात आकडा चढलेला असतो, सेन्सर मात्र अजून ५५ दाखवतो, आणि माणूस घाबरून तिसरा, चौथा ग्लास पितो. उपचार चालू असताना शक्य तर बोटावरचाच आकडा घ्यावा.

चौथा निर्णय : बरे वाटल्यावर काय

८९ आले, माणूस शुद्धीवर, बोलता झाला. “आता थोडा पडतो, जेवण नंतर,” असे ते म्हणाले. घरच्यांनी ऐकले नाही आणि पावणेतीनच्या आत नेहमीइतके जेवण झाले.

ते बरोबरच झाले, आणि का हे इन्सुलिनच्या वेळापत्रकावरून दिसते. सकाळच्या डोसमधल्या मंद भागाचा जोर टोचल्यापासून साधारण ४ ते १० तासांच्या दरम्यान असतो. पावणेआठचा डोस म्हणजे पावणेबारापासून संध्याकाळपर्यंत. साखरेच्या पाण्याचा परिणाम तासाभरात ओसरतो, इन्सुलिनचा नाही. जेवण न घेता ते झोपले असते तर साडेतीन-चारला साखर पुन्हा उतरली असती, आणि यावेळी झोपेत, कुणाचे लक्ष नसताना. पुढचे जेवण तासाभरापेक्षा जास्त लांब असेल तर निदान पिष्टमय पदार्थाचा छोटा आहार द्यावा. जेवणाची वेळ झालीच असेल तर थेट जेवण.

त्या दुपारी गाडी चालवायची नाही, हेही मुलीने ठरवले. आकडा सावरला तरी विचारांचा वेग आणि हातांची अचूकता परतायला वेळ लागतो. निदान पाऊण तास तरी चालवणे, शिडीवर चढणे, यंत्र हाताळणे टाळावे. कपाट तसेच अर्धे उघडे राहिले.

आता गोळीचा मुद्दा. ग्लिमेपिराइड किंवा तत्सम गोळी चालू असती तर घरी थांबून चालले नसते. ती शरीराकडून स्वतःचे इन्सुलिन सोडवत राहते, साखर सावरून पुन्हा पुन्हा खाली येते, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. अशा वेळी रुग्णालयात निदान दिवसभर लक्ष ठेवावे लागते. याशिवाय साखरेच्या तीन फेऱ्यांनंतरही आकडा ७० च्या वर जात नसेल, किंवा आकडा वर येऊनही गोंधळ जात नसेल, तरी रुग्णालयच. गोंधळ उरला तर पक्षाघातासारखे दुसरे कारण तपासायला हवे.

पाचवा निर्णय : रात्रीचा डोस

साडेचारला २०४, सातला १८७. साखरेचे दोन ग्लास, बिस्किटे, पूर्ण जेवण आणि घसरणीला तोंड द्यायला शरीराने सोडलेली संप्रेरके यांचा हा एकत्र परिणाम. 

घरात दोन मते झाली. पत्नीचे म्हणणे, आज रात्री इन्सुलिन नकोच. त्यांचे स्वतःचे म्हणणे, १८७ आहे तर २ युनिट जास्त घेतो. दोन्ही टोके गैरसोयीची होती. डोस पूर्ण चुकवला तर रात्रभर साखर चढत जाते (टाइप १ असता तर मंद इन्सुलिन चुकवणे धोक्याचेच). आणि वाढवून घेण्यात त्याहून मोठा धोका, कारण दुपारच्या अंगमेहनतीनंतर स्नायू रिकामा झालेला साठा भरून काढत असतात. त्यामुळे इन्सुलिनची धार २४ तासांपर्यंत वाढलेली राहू शकते. रात्रीच्या डोसचा मंद भाग मध्यरात्रीनंतर जोरात येतो. त्यात भर म्हणून नव्या जागेतून शोषण चांगले होत होते.

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या: कोणते इन्सुलिन, किती आणि कधी घेतले, सर्वांत कमी आकडा किती, दुसरी कोणती गोळी. मुलीने वेळांसह सगळे एका कागदावर लिहून ठेवले होते, त्यामुळे बोलणे दोन मिनिटांत आटोपले. सल्ला असा: १६ ऐवजी १३ युनिट, १८७ साठी वेगळे काही नाही, झोपताना आणि पहाटे ३ वाजता तपासणी, दोन दिवसांत प्रत्यक्ष भेट. झोपताना १५२, पहाटे ९८, सकाळी १२१. हे डोस या गृहस्थांचे आहेत, दुसऱ्याने तसेच उचलून वापरायचे नाहीत.

कारणाचा शोध

भेटीत डॉक्टरांनी आधी पोट हाताने चाचपले. गाठी डोळ्यांना नेहमी दिसत नाहीत, बोट फिरवल्यावर कळतात. अशा गाठीतून इन्सुलिन कमी आणि बेभरवशाने शोषले जाते. महिनोन् महिने तिथे टोचल्यावर डोस हळूहळू वाढवत २४ पर्यंत नेला गेला होता. म्हणजे त्यातला काही भाग गाठीच खात होत्या. निरोगी जागेत तेच २४ युनिट पूर्ण क्षमतेने कामाला लागले. उशिरा झालेले जेवण आणि कपाटाचे काम यांनी त्या दिवशी वेळ साधली, पण मुळात साखर रोजच दुपारी तळाशी जात असावी, हे आदल्या दोन “भुकां”वरून दिसते.

बाकीची कारणेही पाहिली गेली. मूत्रपिंडाची तपासणी पूर्वीसारखीच आली. ती बिघडलेली असती तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळले असते. वजन घटलेले नव्हते. पेन वापरण्याआधी ते दोन्ही तळव्यांत फिरवून आतला द्रव एकसारखा दुधी करतात का, हे त्यांना करून दाखवायला सांगितले, कारण मिश्र इन्सुलिन नीट ढवळले गेले नाही तर एखाद्या दिवशी लवकर काम करणारा भाग जास्त जातो. ती सवय पक्की होती. एचबीए१सी ६.७ टक्के निघाले. ते ऐकून गृहस्थ खूश झाले. डॉक्टर झाले नाहीत. हा आकडा तीन महिन्यांचा अंदाज देतो, त्यात चढ आणि उतार एकमेकांना झाकून टाकतात.

सकाळचा डोस २० युनिट केला, रात्रीचा १३ च ठेवला. टोचण्याची जागा रोज बोटभर सरकवायची, गाठींवर काही महिने अजिबात टोचायचे नाही, सुई दर वेळी नवी. आणि दोन आठवडे रोज दुपारच्या जेवणाआधी तपासणी. पहिल्या तीन दिवसांचे आकडे ९६, १०८, १०१.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, जागा बदलली त्या दिवशी डॉक्टरांना फोन. गाठींतून निरोगी जागेत येताना डोस आधीच थोडा कमी करतात आणि काही दिवस तपासण्या वाढवतात. ही एक गोष्ट झाली असती तर पुढचे बहुधा घडलेच नसते.

दोन “भुकां”च्या वेळी मीटर लावायला हवा होता. इन्सुलिन घेणाऱ्याला जेवणाआधी थरथर सुटली तर ती भूक आहे असे धरून चालणे महागात पडते. एखादा ६५ चा आकडा दिसला असता तर डोस तेव्हाच बदलला असता. शिवाय अशा घसरणी दोन-तीन आठवडे पूर्णपणे टाळल्या तर शरीराची हाक बऱ्याच अंशी परत येते, म्हणून डॉक्टरांनी या काळात जेवणाआधीचा आकडा थोडा वरच, १०० च्या आसपास ठेवायला सांगितले.

कपाटाचे काम सुरू करण्याआधी आणि मध्ये एकदा तपासणी, आणि पाऊण वाजता काम अर्धे टाकून जेवण. मिश्र इन्सुलिनमध्ये ही बांधिलकी येतेच. एकदा टोचले की मंद भाग आपल्या वेळेवर येणार, जेवण त्याच्या वेळेला असायला हवे. ज्यांच्या दिवसाला असे वेळापत्रक झेपत नाही त्यांच्यासाठी दिवसातून एकदा घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन बरे पडते का, याची चर्चा डॉक्टरांनी पुढच्या भेटीसाठी ठेवली आहे.

बिस्किटांत गेलेली पंधरा मिनिटे वाचवता आली असती. आता घरात दोन ठिकाणी, स्वयंपाकघरात आणि पलंगाशेजारी, ४-४ चमचे साखर मोजून ठेवलेल्या लहान बाटल्या आहेत आणि बाहेर जाताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. मोजून ठेवण्याचा फायदा असा की घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी चमचे मोजावे लागत नाहीत.

ग्लुकॅगॉनची चिठ्ठी मिळाली आहे. पत्नी आणि मुलगी या दोघींनी रिकाम्या संचावर ते तयार करण्याचा सराव केला: कुपीतली पावडर, सिरिंजमधला द्रव, मिसळून गोल फिरवणे, परत ओढून घेणे. पहिल्याच सरावात पत्नीने द्रव कुपीत न सोडता थेट टोचायची तयारी केली होती. त्यामुळे डबीच्या झाकणावर आता मोठ्या अक्षरांत “आधी मिसळा” असे लिहिले आहे, आणि शेजारी मुदत संपण्याचा महिना.